उपाशीपोटीच्या शुगरवरून रात्रीचं इन्सुलिन वाढवणं : तीन आकडे तीन दिशांना गेले तर?

गंधाली

बाबा ७१ वर्षांचे, वजन ६२ किलो. गोळ्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी रात्री १० वाजता ग्लार्जिन सुरू केलं. पेन १०० युनिट प्रति मिलीचं आहे. सुरुवात १० युनिटपासून झाली आणि पुढचं वाढवणं घरीच करायचं आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय ते असं :

रोज सकाळी उपाशीपोटी शुगर बघा. दर तीन दिवसांनी ठरवा. शुगर १३० च्या वर असेल तर २ युनिट वाढवा. ९० ते १३० असेल तर तोच डोस. एकदाही ७० च्या खाली आली तर ४ युनिट कमी करा आणि फोन करा. २४ युनिटच्या वर माझ्याशी बोलल्याशिवाय जायचं नाही.

आत्तापर्यंत तिन्ही आकडे १३० च्या वरच यायचे, त्यामुळे प्रश्नच नव्हता. १० वरून १८ पर्यंत आलो. १८ वरचे पहिले तीन आकडे मात्र १४२, ११८ आणि १७१ आलेत. आता वाढवायचं की नाही? डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर कागद कसा वाचायचा?

साडेतीन

सरासरी काढा. १४२, ११८, १७१ मिळून ४३१, म्हणजे सरासरी १४४ च्या आसपास. १३० च्या वर आहे, तेव्हा २० करा. आणि मी तर म्हणेन तीन दिवस थांबायचीही गरज नाही. १७१ दिसली त्याच रात्री वाढवायला हवं होतं. सकाळी जास्त म्हणजे रात्री कमी पडलं, सरळ आहे.

रानजाई

साडेतीन, सरासरीचा तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्याच रात्री वाढवण्याचं म्हणणं धोक्याचं आहे. ग्लार्जिनचा डोस बदलला की त्याचा पूर्ण परिणाम पहिल्या सकाळी दिसत नाही, स्थिर व्हायला दोन-तीन दिवस जातात. पहिल्या सकाळचा आकडा बघून वाढवलं, दुसऱ्या सकाळी परत वाढवलं, की तिसऱ्या दिवशी दोन्ही वाढी एकदम अंगावर येतात, आणि त्या बहुधा पहाटे येतात, माणूस झोपेत असताना. कागदावरचे तीन दिवस त्यासाठीच आहेत. डेग्लुडेकसारखं त्याहून लांब चालणारं इन्सुलिन असेल तर बरेच डॉक्टर आठवड्यातून एकदाच बदलायला सांगतात. म्हणून शेजारच्यांचा कागद आपल्याला चालत नाही.

गंधाली, तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. कागदावर फक्त ‘शुगर’ लिहिलंय. तिन्ही? सरासरी? की तीनपैकी सर्वांत कमी? या तिन्ही पद्धती वापरात आहेत. काही डॉक्टर तीन आकड्यांतला मधला धरतात. तुमच्या आकड्यांना त्या लावून बघा :

सरासरी १४४, म्हणजे वाढवा.
मधला १४२, म्हणजे वाढवा.
सर्वांत कमी ११८, म्हणजे तोच डोस.

एकाच कागदाची दोन उत्तरं निघतात. यातलं कुठलं घ्यायचं हे आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांनी लिहून द्यायचं. सोमवारपर्यंत १८ वरच थांबा. १४०-१५० वर तीन-चार दिवस गेल्याने काही बिघडत नाही. ७१ व्या वर्षी पहाटे ५५ झाली तर मात्र बिघडतं.

कोकणकडा

छान धागा. मी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी ३०/७० घेतो, सकाळी २२ आणि रात्री १४. माझी उपाशीपोटीची १५० येते. म्हणजे मीही दर तीन दिवसांनी दोन्ही वेळा २-२ वाढवू का?

रानजाई

कोकणकडा, नाही. हा नियम तुम्हाला लागू नाही. गंधालीच्या बाबांचं इन्सुलिन फक्त पाया सांभाळणारं आहे, जेवणासाठी काम करणारा भाग त्यात नाही. तुमच्या ३०/७० मध्ये दोन्ही एकत्र आहेत. तुमची सकाळची शुगर मुख्यतः रात्रीच्या १४ बद्दल सांगते, सकाळच्या २२ बद्दल नाही. २२ बरोबर आहेत का ते संध्याकाळच्या जेवणाआधीच्या आकड्यावरून बघतात. शिवाय रात्रीचे वाढवले की त्यातला जेवणाचा भागही वाढतो आणि जेवणानंतर दोन-तीन तासांत शुगर खाली जाऊ शकते. तुमच्या डॉक्टरांकडून तुमचा वेगळा कागद घ्या.

आणि एक विचारते. बाटली वापरता की पेन?

कोकणकडा

बाटली. सरकारी दवाखान्यातून मिळते. लाल टोपणाची सिरिंज.

रानजाई

मग बाटलीवर ४० लिहिलंय ना ते बघून घ्या. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज आणि १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. उद्या कुणी १०० ची बाटली दिली आणि सिरिंज लालच राहिली, तर २२ च्या खुणेपर्यंत भरल्यावर आत ५५ युनिट जातील. बाटली बदलली की सिरिंज बदलली का हे त्याच दुकानात उभं राहून तपासायचं.

पाणवठा

मूळ प्रश्नाकडे. गंधालीताई, १७१ च्या आदल्या रात्री काय झालं होतं? ११८ आणि १७१ मध्ये ५३ चा फरक आहे, डोस तोच. मग डोसव्यतिरिक्त काहीतरी बदललं असणार. झोपायच्या आधीची शुगर बघता का?

गंधाली

बघतो, पण कागदावर नसल्यामुळे इथे लिहिली नव्हती. क्रमाने देते.

पहिली रात्र १६८, सकाळी १४२.
दुसरी रात्र १६०, सकाळी ११८.
तिसरी रात्र २३१, सकाळी १७१.

तिसऱ्या दिवशी लग्नाचं रिसेप्शन होतं. जेवायला साडेदहा झाले, साडेअकराला शुगर बघितली आणि इंजेक्शन १० ऐवजी १२ ला घेतलं.

पाणवठा

मग १७१ हा बेसलचा, म्हणजे पाया सांभाळणाऱ्या रात्रीच्या इन्सुलिनचा निकाल नाहीच. जेवणानंतर एका तासाने बघितलेली २३१ ही चढावरची शुगर आहे. साडेदहाचं जेवण, त्यात जिलबी-पुरी असेल तर पचायला पहाट होते. तो आकडा सोडून द्या आणि आणखी एका साध्या दिवसाचा आकडा घ्या.

साडेतीन

इथे माझी हरकत आहे. कारण शोधायचं ठरवलं तर रोजच सापडतं. आज रिसेप्शन, उद्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी, परवा झोप झाली नाही. प्रत्येक जास्त आकड्याला सूट दिली तर डोस कधीच वाढणार नाही आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी HbA1c ९ वर जाऊन बसेल. लोक इन्सुलिन घेतात पण पुरेसं वाढवत नाहीत, हा प्रकार पहाटे शुगर पडण्यापेक्षा जास्त दिसतो.

रानजाई

साडेतीन, ही हरकत योग्य आहे आणि यातून वाट काढता येते. कारण रात्रीच वहीत लिहायचं, सकाळचा आकडा दिसायच्या आधी. ‘उशिरा जेवण, १०.३०’, ‘इंजेक्शन १२ ला’, ‘ताप’, ‘गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन’. सकाळी १७१ आली तरी आणि ११० आली तरी त्या रात्रीवर खूण झालेलीच असते. सकाळी आकडा बघून मग आठवलेलं कारण धरायचं नाही. ज्या रात्रीवर आधीच खूण आहे ती सोडून पुढची साधी रात्र घ्यायची का, हेही डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. आठवड्यातल्या चार रात्रींवर खुणा होत असतील तर ते अपवाद नाहीत, तीच त्या घरातली रोजची पद्धत आहे. मग डोसआधी जेवणाच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागेल.

इंजेक्शन दोन तास उशिरा झालं त्याने फार फरक पडत नाही. मात्र ‘घेतलं की नाही’ असा संशय आला तर परत घ्यायचं नाही. दुप्पट डोस जाण्यापेक्षा एक डोस चुकलेला परवडतो. सकाळी डॉक्टरांना फोन करायचा.

वेलदोडा

सकाळी जास्त येते याचं कारण अनेकदा पहाटे तीनला शुगर खूप पडलेली असते आणि शरीर ती उसळी मारून वर आणतं. अशा वेळी डोस वाढवायचा नाही, कमी करायचा. बाबांचं तेच असणार.

रानजाई

वेलदोडा, पहाटे तीनला एकदा बघा हा सल्ला चांगलाच आहे. पण सकाळच्या जास्त आकड्यामागे दर वेळी हेच असतं असं नाही. सतत शुगर मोजणारे सेन्सर आल्यावर दिसलं की पहाटे शुगर पडलेल्या बहुतेकांची सकाळची शुगर कमीच असते, उसळलेली नसते. पहाटे चार-पाचनंतर शरीरातले हार्मोन्स यकृतातली साखर बाहेर काढतात म्हणून चढणं हे जास्त वेळा घडतं. आणि त्याहून जास्त वेळा रात्रीचं जेवण. म्हणून अंदाजाने डोस कमीही करायचा नाही आणि वाढवायचाही नाही. घाम, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, असं काही असेल तर दोन रात्री तीनचा गजर लावून बघा. ७० च्या खाली आली तर कागदावरचा नियम लगेच लागू, सकाळी कितीही असो.

सूक्ष्मदर्शी

मीटरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. घरगुती मीटरला १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, मानकच तसं आहे. म्हणजे मीटरने १३० दाखवली तर खरी शुगर ११० ते १५० मध्ये कुठेही असू शकते. १२९ आली म्हणून तोच डोस आणि १३१ आली म्हणून २ युनिट, याला एकट्या आकड्याच्या बळावर काही अर्थ नाही. तीन दिवस घेण्याचं हेही एक कारण.

मीटरपेक्षा बोटानेच जास्त घोळ होतो. मे महिन्यात आंबा कापून हात नुसता पुसला आणि टोचलं, तर थेंबात आंब्याची साखर जाते आणि चाळीस-पन्नास सहज वाढून येते. आकडा पटला नाही तर साबणाने हात धुवून, पूर्ण कोरडे करून, दुसऱ्या बोटातून परत बघा. सॅनिटायझर लावला असेल तर वाळू द्या. चहा आधी झाला तर ती उपाशीपोटीची नाही, बिनसाखरेचा दुधाचा चहा असला तरी. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर पावसाळ्यात पट्ट्या बिघडतात.

पाणवठा

रानजाई, तुम्ही रात्रीच्या आणि सकाळच्या आकड्यांमधला फरक कसा बघता ते लिहा ना. माझ्या मते तो या धाग्यातला सर्वांत कामाचा भाग आहे आणि लोक तोच बघत नाहीत.

रानजाई

लिहिते. बेसलचं काम रात्रभर शुगर जिथे आहे साधारण तिथे धरून ठेवायचं. जेवणाने चढलेली शुगर खाली ओढणं हे त्याचं काम नाही. म्हणून झोपतानाचा आकडा आणि सकाळचा आकडा शेजारी शेजारी ठेवायचे. झोपताना १६८ आणि सकाळी १४२ म्हणजे २६ ने उतरली, ठीक. १६० वरून ११८ म्हणजे ४२, हेही चालण्यासारखं, पण लक्ष ठेवायचं. तिसऱ्या रात्रीचा ६० चा फरक मी मोजणार नाही, कारण २३१ ही जेवून तासाभरातली आहे आणि ती आपोआपही उतरली असती.

हा फरक साध्या रात्रींना, जेवून तीन तास झाल्यावर बघितला तरी पन्नासच्या वर जायला लागला, तर बेसल जेवणाचंही काम करतंय असा संशय घ्यायचा. समजा बाबा झोपताना रोज २१० वर असतात आणि सकाळी १४०. कागदाप्रमाणे १४० म्हणजे वाढवा. २० झाले, २२ झाले, सकाळ १२५ वर आली, सगळे खूश. मग एके दिवशी पोट बिघडलं, रात्री नुसतं ताक घेऊन झोपले. झोपताना १२० होती. २२ युनिट मात्र नेहमीसारखेच ऐंशी-पंचाऐंशीने खाली ओढणार, आणि पहाटे शुगर ४० च्या आसपास. डोस त्या रात्री चुकला नाही, तो आधीच चुकला होता, रोजच्या जेवणाने झाकला होता. अशा माणसाला रात्रीच्या जेवणाचा किंवा जेवणाच्या औषधाचा विचार लागतो, आणखी बेसल नाही.

डॉक्टरांनी २४ ची मर्यादा घातली त्यामागे हा विचार असणार. साधारण दर किलोला अर्धा युनिट झालं की थांबून फेरविचार करतात. ६२ किलोला तो आकडा ३१ येतो. वय बघून डॉक्टरांनी अलीकडेच रेघ मारली आहे.

लीड्सवासी

आमच्याकडे यूकेत आकडे मिमोलमध्ये असतात, त्यामुळे भारतातल्या आईचा कागद वाचताना १८ ने भागावं लागतं. १३० म्हणजे ७.२, ७० म्हणजे ३.९. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांनी आपलं मीटर आणि पुरेशा पट्ट्या बरोबर आणाव्यात, कारण इथलं मीटर ७.२ दाखवतं आणि माणूस गडबडतो.

प्रवासात वेळ बदलते तेव्हा १० वाजता कुठल्या घड्याळाचे? हे कुणाला नीट माहीत आहे का?

सूक्ष्मदर्शी

गंधाली, ११८ आणि १७१ मधल्या फरकात आणखी एक शक्यता बघा. इंजेक्शन रोज त्याच जागी देता का? पोटावर बेंबीच्या बाजूला बोटं सपाट ठेवून हलक्या हाताने फिरवा. कुठे जाडसर, रबरासारखं लागलं तर तिथे गाठ झाली आहे. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते. गाठीत दिलेलं इन्सुलिन कधी लवकर तर कधी उशिरा शोषलं जातं. एकच सुई पुन्हापुन्हा वापरली की गाठी जास्त होतात.

गंधाली

आत्ताच बघितलं. डाव्या बाजूला आहे! बाबा उजव्या हाताने देतात आणि नेहमी तिथेच. आजपासून उजव्या बाजूला देऊ का?

रानजाई

जागा बदलायलाच हवी, पण आज रात्री इंजेक्शनच्या आधी दवाखान्यात फोन करून सांगा. डॉक्टर नसतील तर जो कुणी डॉक्टर ड्यूटीवर असेल त्याला. गाठीतलं १८ युनिट आणि चांगल्या त्वचेतलं १८ युनिट एकसारखं काम करत नाही. चांगल्या जागी गेलं की तेवढाच डोस जास्त पडू शकतो, म्हणून जागा बदलताना अनेकदा डोस उतरवून सुरू करतात. किती उतरवायचा ते त्यांनी सांगायचं. पुढचे काही दिवस झोपताना आणि पहाटे एकदा शुगर बघा.

देताना सुई लावल्यावर आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघा. मग डोस फिरवा, टोचा, बटण पूर्ण दाबा आणि दहा अंक मोजून मगच सुई काढा. लगेच काढली तर टोकाशी थेंब गळतो, तो डोसमधलाच असतो. आणि प्रत्येक वेळी आधीच्या जागेपासून बोटभर सरकायचं.

७० च्या खाली आली तर आधी शुगर वर आणायची, डोसचा विचार नंतर. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, अजून ७० खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की काहीतरी खायला द्यायचं. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, लगेच दवाखाना. बाबा ग्लिमेपिराइडची गोळीही घेतात का?

गंधाली

हो, सकाळी २ मिलिग्रॅम.

रानजाई

मग फोनवर तेही सांगा. गोळीमुळेही शुगर पडते, विशेषतः सकाळी खाल्लं नाही तर. एखादी ६५ आली तर ती सकाळची आहे की दुपारच्या जेवणाआधीची, हे वेळेसकट लिहून ठेवा. दुपारची असेल तर दोष कदाचित गोळीचा, आणि डॉक्टर रात्रीचं इन्सुलिन न उतरवता गोळीच बदलतील.

गंधाली

डॉक्टरांशी बोलणं झालं, सविस्तर लिहिते. त्याच रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी उजवी बाजू वापरायला आणि १८ चे १६ करायला सांगितलं होतं. सोमवारी आमच्या डॉक्टरांनी कागद सुधारून दिला. आता त्यावर ‘तीनपैकी सर्वांत कमी’ असं लिहिलंय. ते म्हणाले की बाबांचं वय आणि क्रिएटिनिन १.६ बघता त्यांना घाई नाही, किडनी हळू चालते तेव्हा इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं. ७० ते ८९ मध्ये काय करायचं हे कागदावर नव्हतं, त्याची ओळ वाढवली : २ युनिट कमी. आणि रात्री आधीच खूण केलेला दिवस सोडून पुढचा घ्यायचा, पण आठवड्यात दोनपेक्षा जास्त खुणा झाल्या तर फोन.

१६ वर उजव्या बाजूचे आकडे १२६, १३३, १२१. सर्वांत कमी १२१, म्हणून तोच डोस.

साडेतीन

म्हणजे १८ ला जे जमत नव्हतं ते १६ ला जमलं. गाठीचा मुद्दा मानला. सर्वांत कमी आकड्याचं मात्र पन्नाशीतल्या, किडनी ठीक असलेल्या माणसाला पटत नाही. तीनपैकी एक आकडा कमी आला की सगळं थांबणार. तिथे मधलाच धरावा.

रानजाई

पन्नाशीत, शुगर एकदाही ७० च्या खाली गेलेली नसताना, मधला धरणारे डॉक्टर आहेत आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कागदावर तसं लिहिलेलं असू दे, एवढंच.

कोकणकडा

बाटली बघितली, ४० च आहे. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातोय. संध्याकाळच्या जेवणाआधीचे आकडे तीन दिवसांचे पुरतील की आठवड्याचे न्यावेत?

पाणवठा

आठवड्याचे न्या, आणि शेजारी जेवणाची वेळ लिहून न्या. लीड्सवासी, प्रवासाच्या घड्याळाचा प्रश्न राहून गेलाय. त्यासाठी वेगळा धागा काढाल का?